नळीतून जेवणाऱ्या माणसाचं तोंड

आईला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि गिळणं बंद झालं. नाकातून नळी घालून तिला घरी सोडलं तेव्हा हातात आलेल्या कागदावर कूस कधी बदलायची, नळीतून किती द्यायचं, नळी कशी धुवायची, सगळं लिहिलेलं होतं. तोंडाबद्दल एक ओळही नव्हती. आणि खरं सांगते, ती ओळ असायला हवी होती हे मलाही सुचलं नाही. जी तोंडानं काही खातच नाही, तिचं तोंड घाण होईल कशानं?

तेराव्या दिवशी ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरांनी टॉर्च मागितला आणि मला वाकून बघायला लावलं. टाळूला तपकिरी, चामड्यासारखा थर होता. मला ती टाळूचीच कातडी वाटली. "ताई, कातडी नाही ही. वाळलेली लाळ, कफ आणि मेलेल्या पेशी आहेत. याचा तुकडा सुटून घशात गेला तर श्वास अडकेल त्यांचा."

म्हणूनच ही पोस्ट. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, विशेषतः नळीवर असेल, तर आज टॉर्च घेऊन तोंडात बघा.

आपलं तोंड दिवसभर आपोआप धुतलं जातं. चावताना लाळ सुटते, जीभ फिरते, आपण गिळतो. नळीवरच्या माणसाचं हे सगळं थांबतं. त्यात तोंड उघडं टाकून श्वास घेण्याची सवय लागली, की असलेली लाळही वाळते. म्हणजे न खाणाऱ्याचं तोंड खाणाऱ्यापेक्षा लवकर घाण होतं. दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. नळी असली तरी तोंडातली लाळ थोडी थोडी श्वासनलिकेत उतरतच असते, विशेषतः झोपेत. सोबत तोंडातले जंतू फुप्फुसात जातात. जपानमधल्या वृद्धाश्रमांत दोन वर्षं चाललेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. तोंडाची नीट काळजी घेतलेल्या वृद्धांपैकी साधारण ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, बाकीच्यांपैकी १९ टक्क्यांना. एकही दात नसलेल्यांनाही फायदा दिसला. त्यामुळे "दातच नाहीत, मग घासायचं काय?" हे मला आता ऐकवत नाही.

तो थर मी नखानं खरवडायला निघाले होते. सिस्टरांनी हात धरला. खाली कातडी नाजूक असते, ओढली की रक्त येतं. त्यांनी पाण्यात विरघळणारं, कोरड्या तोंडासाठी मिळणारं जेल बोटानं अगदी पातळ लावलं, दहा मिनिटं थांबल्या आणि ओल्या गॉजनं मागून पुढे हलकेच पुसलं. जेवढं सुटलं तेवढंच काढलं. दिवसातून तीनदा असं करत पूर्ण टाळू गुलाबी दिसायला तीन दिवस लागले. घाई केली असती तर जखमा झाल्या असत्या.

त्यानंतर आमचं रोजचं काम ठरलं. सकाळी आणि रात्री ब्रश, पण नळीतून दिल्यावर निदान तासाभरानं. भरल्या पोटी घशाला स्पर्श झाला तर उलटी होते आणि ती फुप्फुसात जाऊ शकते. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायची आणि आईला डाव्या कुशीवर वळवायचं, म्हणजे चांगली बाजू खाली. पाणी तिकडे साचतं आणि तिथे तिला जाणीव असल्यामुळे ते तिला कळतं. गालाखाली टॉवेल. ग्लोव्हज घालून आधी तिला सांगायचं, "आई, तोंड पुसतेय गं तुझं," ओठांना ओला गॉज लावायचा आणि मगच आत जायचं. न सांगता ब्रश घातला की ती जबडा घट्ट मिटायची. तो तिचा हट्ट नव्हता, ती दचकायची.

ब्रश लहान मुलांचा, मऊ. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी आणि शक्यतो फेस न करणारी, कारण फेस थुंकता येत नाही. ब्रश पाण्यात बुडवून झटकून घ्यायचा, थेंब गळता कामा नये. खालचे दात, हिरड्या, आणि लुळ्या बाजूच्या गालाची खाच विसरायची नाही. तिथे काय साचलंय हे तिला जाणवतच नाही. जीभ पुढच्या दोन तृतीयांश भागापर्यंतच, त्यामागे गेलं की उबळ येते. मग ओल्या गॉजनं सगळं पुसून काढायचं. बोट कधीही दोन्ही दातांच्या मध्ये घालू नका. गाल बाजूला धरायला मी दुसऱ्या ब्रशची दांडी वापरते. मध्येच खोकला आला, आवाज घरघरू लागला किंवा चेहऱ्याचा रंग बदलला तर तिथेच थांबायचं.

काडीला लावलेला स्पंज मी आधी वापरला होता. त्यानं तोंड ओलं होतं, पण दातांवरचा थर निघत नाही, आणि रुग्णानं चावला तर स्पंज सुटून तोंडात राहतो. ग्लिसरिनचा बोळाही मी प्रेमानं फिरवत होते. वरवर ओलसर वाटतं, पण कोरडेपणा वाढतो. लिंबू असलेला तर आणखी वाईट, आम्लानं दात झिजतात. अल्कोहोल असलेला माउथवॉशही तोंड वाळवतो.

कोरडेपणासाठी ब्रशच्या दोन वेळा पुरत नाहीत. कूस बदलताना दर दोन तासांनी ओल्या गॉजनं तोंड पुसायचं आणि जेलचा पातळ हात जिभेवर, टाळूवर, ओठांवर द्यायचा. जाड थर नको, तोच वाळून नवी खपली होते. ऑक्सिजन चालू असेल तर ओठांना पेट्रोलियम जेली लावू नका, ती पेट घेऊ शकते. डॉक्टरांना औषधांची यादी दाखवा. ॲलर्जीच्या, लघवीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी लाळ आटते. आईची एक गोळी त्यांनी बदलली आणि आठवड्यात फरक दिसला.

आता कवळी. वरची कवळी पहिले दोन दिवस तिच्या तोंडातच राहिली होती, कारण काढायला हवी हे मला माहीत नव्हतं. काढली तेव्हा खाली टाळू लालभडक, कवळीच्याच आकाराचा. तो बुरशीचा संसर्ग निघाला. डॉक्टरांनी औषध दिलं, पण नुसतं टाळूला लावून भागत नाही, कवळीवरही बुरशी असते, तीही रोज घासावी लागते. ही औषधं रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी भांडू शकतात, म्हणून चालू असलेलं सगळं आधी सांगायचं. कवळी पेस्टनं घासू नका, चरे पडतात आणि चऱ्यांत जंतू बसतात. साधा साबण, वेगळा ब्रश, खाली पाण्यानं भरलेलं भांडं, म्हणजे निसटली तरी फुटत नाही. गरम पाण्यानं ती वाकडी होते. रात्री कवळी तोंडात नको. ८५ वर्षांपुढच्या वृद्धांच्या २०१५ सालच्या जपानी अभ्यासात, कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याचा धोका दुपटीहून जास्त आढळला.

मी काढलेली कवळी मात्र रुमालात गुंडाळून ठेवली. ती वाळली. काही महिन्यांनी आई पातळ पदार्थ गिळू लागली तेव्हा कवळी बसेना. दंतवैद्य घरी आले. म्हणाले, हिरड्या आकसल्यात, वजनही उतरलंय, गिळणं सुधारलं की नवी करू. जुनी आता झाकणाच्या डबीत, पाण्यात आहे. डबीवर आईचं नाव लिहिलंय आणि पाणी रोज सकाळी बदलते.