मागच्या महिन्याचा सेल असा मागवावा

डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाकडून मागच्या महिन्याचा सेल मागवायचा असेल, तर एक पथ्य कटाक्षाने पाळा. चार शब्दांच्या पुढे जाऊ नका. 'लास्ट मंथचा सेल पाठव.' बस्स. परवा आलेल्या मेसेजमध्ये पाचवा शब्दही होता, 'अर्जंट'. ती उधळपट्टी झाली.

वेळ शुक्रवार संध्याकाळची धरा. समोरचा डबा आवरत असेल तर उत्तम.

महिना कुठला हे चुकूनही लिहू नका. 31 मार्चला दुपारी विचारलंत, तर मागचा महिना म्हणजे फेब्रुवारी, की आज रात्री संपणारा मार्च? 12 एप्रिलला विचारलंत, तर मार्च, की 13 मार्चपासूनचे तीस दिवस? यातलं काहीही निघालं, तरी मीटिंगमध्ये 'मला हे नको होतं' म्हणायची सोय राहते. ही सोय हातची घालवू नये.

समजा त्याने स्वतःच्या अकलेने मार्च 2025 धरला. आता दिवस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हेही त्याच्यावरच सोडा. बऱ्याच ठिकाणी ऑर्डरची वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठवतात आणि आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. ग्राहकाने 1 एप्रिलला पहाटे दोन वाजता घेतलेली वस्तू डेटाबेसात 31 मार्च, रात्री साडेआठ अशी बसते. सरळ तारखेवर चाळणी लावली, की एप्रिलचे पहिले साडेपाच तास मार्चमध्ये येतात आणि मार्चचे पहिले साडेपाच तास फेब्रुवारीत जातात. एरवी एवढ्या पहाटे कोण खरेदी करतं? पण 1 तारखेच्या मध्यरात्री तुमचीच ऑफर सुरू होते ना, तेव्हा करतात. आणि त्या ऑफरबद्दल तुम्ही डेटाबेसवाल्याला कधी सांगता? नाही ना? अगदी योग्य.

त्यातून तो घाईत असेल, तर असंही लिहून बसेल:

```sql
WHERE ordered_at BETWEEN '2025-03-01' AND '2025-03-31'
```

वाचायला चोख. पण `ordered_at` मध्ये तारखेसोबत वेळही असेल, तर इथल्या 31 तारखेचा अर्थ 31 च्या मध्यरात्रीचा पहिला क्षण एवढाच होतो. त्यापुढचा अख्खा दिवस गळतो. आणि तो दिवस कुठला? वर्षअखेरचा, ज्या दिवशी टार्गेट गाठायला सगळी सेल्स टीम रात्री उशिरापर्यंत बिलं फाडत असते. क्वेरी चालते, एरर येत नाही, आकडा भरघोस दिसतो. दिवसवार बेरीज काढून पाहिली, की 31 समोर शून्य किंवा अगदीच किरकोळ रक्कम दिसते आणि गळती तिथल्या तिथे कळते. पण 'फक्त टोटल हवी, डिटेल नको' असं तुम्ही आधीच बजावलेलं असतं. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये हा कॉलम `timestamptz`, म्हणजे टाइमझोन ओळखणारा असेल, तर हे असं लिहायचं असतं:

```sql
WHERE ordered_at >= '2025-03-01 00:00:00+05:30'
  AND ordered_at <  '2025-04-01 00:00:00+05:30'
```

पहिली तारीख धरून, पुढच्या महिन्याची पहिली तारीख सोडून. साडेपाच तास आणि 31 तारीख, दोन्ही गळती एकदम बंद. अर्थात हे त्याचं काम. तुम्ही महिना तरी सांगायचा होता, पण ते असो.

आता मुख्य गंमत. सेल म्हणजे काय, हे अजिबात सांगू नका. सेल म्हणजे सेल! त्यात काय सांगायचं?

एकच ऑर्डर घेऊ. एका बाईंनी 28 फेब्रुवारीला दोन मिक्सर मागवले, लाल स्वतःला आणि पांढरा नणंदेला. प्रत्येकी किंमत जीएसटी धरून 2,950, दोन्हीचे 5,900. कूपनने दहा टक्के सुटले, उरले 5,310. त्यातला 18 टक्के कर काढला, तर माल 4,500 चा. पोचवायचे 118 वेगळे, त्यातही 18 कराचे. बिल झालं 5,428. बाईंनी 500 रुपये यूपीआयने त्याच दिवशी भरले, बाकीचे 4,928 घरपोच रोख. बिल 1 मार्चला निघालं, माल 4 मार्चला पोचला, कुरिअरवाल्याने रोकड 12 मार्चला जमा केली. नणंदेला पांढरा आवडला नाही. 18 मार्चला तो परत आला आणि त्याची 2,655 ची क्रेडिट नोट अकाउंट्सने 2 एप्रिलला काढली.

तर मग सांगा, या बाईंचा मार्चचा सेल किती?

ऑर्डरच्या तारखेने शून्य, कारण ऑर्डर फेब्रुवारीची. बिलाच्या तारखेने 5,428. कर वगळला तर 4,600, पोचवण्याचे पैसेही वगळले तर 4,500. मार्केटिंगला विचारलंत, तर कूपनच्या आधीचे 5,900, कारण स्लाइडवर तेच शोभून दिसतं. परत आलेला मिक्सर तो आला त्या दिवशी वजा करणाऱ्याच्या हिशेबात 2,250. क्रेडिट नोटच्या तारखेने चालणाऱ्या अकाउंटंटच्या हिशेबात मार्चला 4,500, आणि एप्रिलमध्ये उणे 2,250. बँकेत मार्चमध्ये आले ते 4,928. यातला एकही आकडा खोटा नाही. एक बाई, दोन मिक्सर, एक नाराज नणंद, आणि इतके सेल! तुमच्याकडे महिन्याला अशा हजारो बायका आणि तितक्याच नणंदा आहेत, आणि तुम्ही म्हणता, 'साधं तर आहे, एक क्वेरी टाकायची.'

साधं? तेवढ्यावर थांबतं का ते? त्याच ऑर्डरला दोन मिक्सरच्या दोन ओळी आहेत आणि पेमेंटच्याही दोन. तुम्ही मध्येच म्हणालात, 'प्रॉडक्ट आणि पेमेंट मोडपण टाक ना त्यात', म्हणून त्याने तिन्ही टेबलं जोडली:

```sql
SELECT SUM(o.total_amount)
FROM orders o
JOIN order_items i ON i.order_id = o.id
JOIN payments p ON p.order_id = o.id;
```

दोन गुणिले दोन, चार ओळी, आणि प्रत्येक ओळीवर 5,428. बाईंचा सेल झाला 21,712. कोणी शहाणा यावर `SUM(DISTINCT ...)` हे औषध सुचवतो. त्याने उलटंच होतं, कारण योगायोगाने सारख्याच रकमेच्या दोन वेगळ्या ऑर्डरी असल्या तर त्यातली एक उडते. वस्तूंची बेरीज वेगळी काढायची, पेमेंटची वेगळी काढायची, दोन्ही ऑर्डरमागे एकेक ओळीवर आणायच्या आणि मगच जोडायच्या. 'पण टाक ना' या तीन शब्दांची ही किंमत. आकडा चौपट आला, की तुम्ही आनंदाने वर पाठवता. निम्मा आला, की मात्र तुम्हाला संशय येतो.

रद्द झालेल्या ऑर्डरी धरायच्या की नाही, हे विचारलं तर 'ऑब्व्हियसली' एवढंच उत्तर द्या.

कंपनीच्याच पुण्याच्या गोदामातून बेंगळुरूच्या गोदामात माल गेला, तरी राज्य बदललं, जीएसटी नोंदणी बदलली, म्हणून टॅक्स इनव्हॉइस निघतो. तो इनव्हॉइसच्या टेबलात गिऱ्हाइकाच्या बिलाशेजारी मांडी घालून बसलेला असतो. आपलाच माल आपल्यालाच विकून झालेला हा सेल धरावा का, हा प्रश्न तुमच्या पातळीचा नाही. टेस्टिंगवाल्यांनी स्वतःच्या नावाने टाकलेल्या ऑर्डरींचंही तेच.

फेब्रुवारीशी तुलना मागा. अठ्ठावीस दिवसांपेक्षा एकतीस दिवसांत जास्त विकलं गेलं, की टाळ्या वाजवा.

2 तारखेला आकडा घ्या, 15 तारखेला तोच पुन्हा मागा, आणि फरक दिसला की 'डेटा बरोबर नाहीये तुमचा' असं सगळ्यांना सीसीत घेऊन लिहा. ऑर्डरच्या टेबलात `status` चा एकच कॉलम असतो. मार्चमध्ये तिथे 'placed' होतं, एप्रिलमध्ये ग्राहकाने पार्सल घेतलंच नाही, ते परत फिरलं, त्याच जागेवर 'cancelled' चढलं. जुनं पुसलं गेलं. मार्च संपला असला, तरी मार्चचा आकडा हलत राहतो. 2 तारखेला काय चित्र होतं, हे नंतर पाहायचं असेल तर स्थिती बदलल्याच्या तारखा वेगळ्या टेबलात साठवाव्या लागतात, किंवा महिना संपल्यावर ठरलेल्या दिवशी आकडा गोठवून ठेवावा लागतो. हे दोन वर्षांपासून सांगितलं जातंय. 'नेक्स्ट क्वार्टरला बघू' हे उत्तर कोणाचं होतं?

त्याने उलट प्रश्न विचारलाच, तर 'नेहमीसारखंच' म्हणा. नेहमीसारखं म्हणजे गेल्या वेळी कसं होतं, हे तुम्हालाही ठाऊक नसतं. गेल्या वेळी दुसऱ्या कोणीतरी काढलं होतं, तो नोकरी सोडून गेला, आणि त्याची क्वेरी त्याच्या लॅपटॉपसोबत गेली. शिवाय तुम्ही त्याला तरी काय सांगितलं होतं? हेच चार शब्द.

बरं, पुरे ही थट्टा. विक्रीचा अर्थ ठरवणं हे डेटाबेसवाल्याचं काम नाही, ते तुमचं आहे. कुठली तारीख, कुठली रक्कम आणि परतावा कुठे धरायचा, हे त्याने गुपचूप गृहीत धरलं तर तुमच्या कंपनीचा सेल एक माणूस शुक्रवारी संध्याकाळी सातला अंदाजाने ठरवतोय. त्याने विचारलं, की तुम्हाला तो आढ्यताखोर वाटतो. विचारलं नाही, की बेजबाबदार. आणि तुम्ही स्वतः? तुम्हाला इन्सेंटिव्हसाठी हवाय, अकाउंट्सशी जुळवायला हवाय, की उद्याच्या स्लाइडवर टाकायला, एवढंही सांगत नाही. त्या एका गोष्टीवर निम्मे प्रश्न सुटतात. अकाउंट्सशी जुळवायचं असेल तर बिलाची तारीख आणि कर वगळून. मागणी कशी होती हे बघायचं असेल तर ऑर्डरची तारीख. रोकड बघायची असेल तर बँकेत जमा झाल्याची तारीख.

एवढं लिहा: 'मार्च 2025, 1 ते 31, भारतीय वेळेनुसार, बिलाच्या तारखेने. कर आणि डिलिव्हरी वगळून, कूपन वजा करून. क्रेडिट नोट तिच्या तारखेच्या महिन्यात. आपल्याच गोदामांमधला माल आणि टेस्ट ऑर्डरी नकोत. अकाउंट्सच्या मार्च अहवालाशी जुळवायचाय. 10 एप्रिलला काढलेला आकडा चालेल.' लिहायला दोन मिनिटं लागतात. कुठला शब्द कळत नसेल तर फोन करून विचारा, त्यात लाज नाही.

आणि सोमवारी 'हा आकडा चुकलाय' असं साहेबांना सीसीत घेऊन लिहिण्याआधी, आपण काय मागितलं होतं तो मेसेज वर जाऊन एकदा वाचा. चारच शब्द आहेत, वेळ लागणार नाही.