जंगलातला लॅटिन स्क्वेअर आणि टेबलमधला खर्च

फिरत असलेली पोस्ट: "फिशरने 1929 मध्ये काढलेला हा फोटो बघा, जंगलात सुडोकू! प्रत्येक रोमध्ये आणि प्रत्येक कॉलममध्ये प्रत्येक झाड एकदाच, म्हणून जमिनीचा सगळा फरक आपोआप कटतो, रँडमायझेशनची कटकटच नाही. दोन्ही बाजूंनी फरक काढला की एरर कमीच होणार. छोट्या ट्रायलला आरबीडी सोडा, एलएसडीच लावा. 4 ट्रीटमेंट, 16 प्लॉट, काम फत्ते."

पोस्टमधली एलएसडी म्हणजे लॅटिन स्क्वेअर डिझाइन, ज्यात फरक रो आणि कॉलम अशा दोन दिशांनी काढतात, आणि आरबीडी म्हणजे रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन, ज्यात तो एकाच दिशेने ब्लॉक पाडून काढतात. आधी फोटोचंच बघू, ते पटकन होईल. जागा उत्तर वेल्समधलं बेथगेलर्टचं जंगल. 5×5 ची आखणी 1929 ची आणि संख्याशास्त्रज्ञ फिशरचीच, पण फोटो साधारण 1945 चा आहे, म्हणजे झाडं पंधरा-सोळा वर्षांची झाल्यावरचा, आणि तसा तो असणारच, 1929 मध्ये फोटो काढला असता तर उघड्या डोंगरउतारावर रोपंसुद्धा धड दिसली नसती. झाडं पाच: सिटका स्प्रूस, नॉर्वे स्प्रूस, जपानी लार्च, लॉजपोल पाइन आणि बीच. उघड्यावरच्या वाऱ्या-थंडीत कोण कसं तग धरतं हे बघायचं होतं. आणि लॅटिन स्क्वेअर हा प्रकारही फिशरचा शोध नाही, गणितात तो ऑयलरकडून आलाय, 18 व्या शतकातला. फिशरने त्यात जे घातलं ते होतं रँडमायझेशन, म्हणजे कुठल्या प्लॉटला कुठली ट्रीटमेंट हे चिठ्ठीने ठरवणं, आणि पोस्ट नेमकं तेच काढून टाका म्हणतेय, याला काय म्हणावं!

आता "आपोआप कटतो" बद्दल. समजा शेत पूर्व-पश्चिम उतरतं आणि दक्षिणेच्या बांधावरच्या झाडांची सावली शेतात पडते. हे दोन फरक सरळ रेषेत आहेत, रो आणि कॉलमच्या दिशेने, ते खरंच बाजूला निघतात. पण जमीन आपल्या आखणीचं ऐकून थोडीच घडते. आमच्या एमएस्सीच्या वेळी एका ट्रायलच्या तुकड्यातून जुना, बुजवलेला पाट तिरका गेला होता, वरून काही दिसायचं नाही, पण तिथली माती खोल आणि ओल धरणारी. आखणी ज्याने केली त्याने सोपं म्हणून पहिल्या ओळीत ए बी सी डी, दुसरीत बी सी डी ए, असं एक-एक घर सरकवत लिहिलं. आता कागदावर हे करून बघा, डी कुठे येतो? वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत सरळ तिरक्या रेघेत, चारही वेळा. पाटही बरोबर तसाच. झालं, डी पहिला आला! रो बरोबर, कॉलम बरोबर, सुडोकू अगदी परफेक्ट, आणि उत्तर पाटाचं.

हा प्रश्न जुना आहे. स्वीडनच्या ओलोफ टेडिनने 1931 मध्ये युनिफॉर्मिटी ट्रायलचे आकडे घेऊन, म्हणजे जिथे सगळ्या शेताला एकच वागणूक दिलीय आणि ट्रीटमेंटचा फरक मुळात शून्य आहे, त्यावर वेगवेगळ्या ठरीव आखण्या बसवून बघितल्या. तिरक्या सरकवलेल्या चौकोनात खरी चूक, म्हणजे एरर, जास्त निघायची आणि विश्लेषणाचं टेबल ती कमी दाखवायचं. बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीने अक्षरं पसरवलेल्या चौकोनात उलटं, खरी चूक कमी पण टेबल जास्त दाखवायचं. म्हणजे छान पसरवलेली आखणीसुद्धा टेबलला खोटं बोलायला लावते, फक्त दुसऱ्या दिशेने. 4×4 चे एकूण 576 लॅटिन स्क्वेअर होतात, त्यातला एक चिठ्ठीने निवडायचा: पहिली रो आणि पहिला कॉलम ए बी सी डी क्रमाने असलेल्या चार स्टँडर्ड स्क्वेअरपैकी एक उचला, मग रोंचा क्रम, कॉलमचा क्रम आणि अक्षरं कुठल्या ट्रीटमेंटला हे सगळं चिठ्ठ्यांनी ठरवा. पाच मिनिटांचं काम आहे हो, कटकट कसली.

तिसरा मुद्दा सगळ्यात मोठा, एरर "कमीच होणार" वाला, आणि इथे आकडे मांडल्याशिवाय गप्पा नकोत. खालचे आकडे मी हिशोब सोपा जावा म्हणून स्वतः बनवलेत, कुठल्या ट्रायलचे नाहीत. 4×4, प्लॉटमागे किलो:

| | कॉ 1 | कॉ 2 | कॉ 3 | कॉ 4 | बेरीज |
|---|---|---|---|---|---|
| रो 1 | बी 21 | डी 23 | ए 23 | सी 25 | 92 |
| रो 2 | ए 17 | सी 21 | बी 23 | डी 23 | 84 |
| रो 3 | डी 23 | बी 19 | सी 19 | ए 15 | 76 |
| रो 4 | सी 19 | ए 13 | डी 19 | बी 17 | 68 |
| बेरीज | 80 | 76 | 84 | 80 | 320 |

ट्रीटमेंटच्या बेरजा ए 68, बी 80, सी 84, डी 88. करेक्शन फॅक्टर 320 चा वर्ग भागिले 16, म्हणजे 6400. रोंच्या बेरजांचे वर्ग करून मिळवा, 4 ने भागा, 6480 येतं, त्यातून 6400 गेले, रोंचा एसएस, म्हणजे सम ऑफ स्क्वेअर्स, 80. तसंच कॉलमचा 8, ट्रीटमेंटचा 56. सोळाच्या सोळा आकड्यांच्या वर्गांची बेरीज 6568, म्हणून टोटल 168. उरलेला एरर वजाबाकीने, 168 मधून 80, 8 आणि 56 गेले, राहिले 24. खालच्या टेबलमध्ये डीएफ म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडम, एमएस म्हणजे एसएस भागिले डीएफ, आणि एफ म्हणजे त्या ओळीचा एमएस भागिले एररचा एमएस.

| कशामुळे | डीएफ | एसएस | एमएस | एफ |
|---|---|---|---|---|
| रो | 3 | 80 | 26.67 | 6.67 |
| कॉलम | 3 | 8 | 2.67 | 0.67 |
| ट्रीटमेंट | 3 | 56 | 18.67 | 4.67 |
| एरर | 6 | 24 | 4.00 | |
| टोटल | 15 | 168 | | |

(ते 24 म्हणजेच "सगळा फरक कटला" नंतर जो न कटता उरला तो, बरं का.)

3 आणि 6 डीएफला 5 टक्क्यांची एफ व्हॅल्यू 4.76, ट्रीटमेंटचा एफ तिच्या वर हवा. आपली 4.67. थोडक्यात गेली. नॉन-सिग्निफिकंट.

आता कॉलमची ओळ बघा. एफ 0.67, म्हणजे कॉलम-कॉलममध्ये या शेतात काढण्यासारखं काही नव्हतंच. तरी आपण तिच्यासाठी 3 डीएफ मोजले. हेच शेत, हेच आकडे, फक्त रोंना ब्लॉक धरून आरबीडी केली असती तर कॉलमचे 8 एररमध्ये जाऊन 32 झाले असते, पण डीएफ 9, एमएस 3.56, एफ 5.25, आणि टेबल व्हॅल्यू 3.86. सिग्निफिकंट! एररचा एसएस वाढला आणि एमएस मात्र कमी झाला, कारण भागाकार 6 ऐवजी 9 ने झाला. वर कमी डीएफला टेबलची व्हॅल्यूपण चढी असते, तो दुसरा फटका. आरबीडीच्या तुलनेत कॉलमची एफिशिअन्सी काढायची तर कॉलमचा एमएस अधिक 3 वेळा एररचा एमएस, भागिले 4 वेळा एररचा एमएस: 14.67 भागिले 16, म्हणजे 92 टक्के. कॉलम घेऊन आपण तोट्यात.

रोंचं मात्र उलट. ते 80पण बाजूला काढले नसते, म्हणजे रो, कॉलम काहीच न पाडता सगळं चिठ्ठीने वाटलेली साधी सीआरडी असती, तर एररचा एसएस 112, डीएफ 12, एमएस 9.33 आणि ट्रीटमेंटचा एफ फक्त 2.00. तिथे 3 डीएफ खर्च करून घसघशीत परत मिळाले. तर दोन्ही बाजूंनी फरक काढणं म्हणजे दोन वेगळी बिलं आहेत, एक वसूल होतं म्हणून दुसरं होईलच असं नाही.

इथे एक चलाखी लोकांना सुचते, सुचू देऊ नका: कॉलम निकामी निघाला ना, मग एलएसडीने लावलेल्या ट्रायलचं विश्लेषण आरबीडीने करून टाकू, सिग्निफिकंट येतंय तर. नाही चालत. चिठ्ठ्या काढताना कॉलमचं बंधन पाळलंय, तर टेबलमध्ये कॉलम राहणारच. आकडे बघून ओळ गाळणं म्हणजे मॅच संपल्यावर बाउंड्री आत सरकवणं. 92 टक्के हा आकडा पुढच्या वर्षीच्या आखणीसाठी, या वर्षीच्या थिसिससाठी नाही.

"छोट्या ट्रायलला" हा सल्ला तर नेमका उलटा बसतो. एररचे डीएफ `(n-1)(n-2)` ने येतात. 2×2 ला शून्य, म्हणजे एरर काढताच येत नाही. 3×3 ला 2, तिथे 5 टक्क्यांची एफ व्हॅल्यू 19, शुभेच्छा. 4×4 ला 6, बेथगेलर्टच्या 5×5 ला 12. चारच ट्रीटमेंट असतील आणि उतार खरंच दोन्ही दिशांनी असेल तर दोन 4×4 चे स्क्वेअर लावा, दोन्हीकडचा एरर एकत्र धरला की 15 पर्यंत डीएफ जातात, पण मग प्लॉट 32. आणि 16 प्लॉटमधला एक जरी रानडुकरांनी उकरला तर वरचा सरळ हिशोब मोडतो, मिसिंग प्लॉटची दुरुस्ती लागते आणि 6 चे 5 होतात. वरच्या टोकाला 8 ट्रीटमेंट म्हणजे 64 प्लॉट, तिथे जागा आणि मजुरी नडते.

अजून एक अट आहे जी फोटो दाखवत नाही. हे सगळं तेव्हाच चालतं जेव्हा रो, कॉलम आणि ट्रीटमेंटचे परिणाम नुसते एकमेकांत मिळवले जातात. एखादी जात उताराच्या वर चांगली आणि खाली खराब, असं असेल तर तो फरक एररमध्ये घुसतो, शिवाय ट्रीटमेंटच्या ओळीतही थोडा सांडतो, आणि टेबल बघून ते कळत नाही. झाडांच्या ट्रायलमध्ये शेजार हा वेगळाच त्रास, उंच वाढलेला प्लॉट बाजूच्यावर सावली धरतो आणि वाराही अडवतो, म्हणून कडेच्या रांगा मोजणीतून सोडायच्या असतात.

शेवटचं, आकडे कॉम्प्युटरवर टाकणाऱ्यांसाठी, कारण चूक इथेही होते आणि ती गोड निकाल देते. आर या सॉफ्टवेअरमध्ये वरचे आकडे असे जातात:

```r
y   <- c(21,23,23,25, 17,21,23,23, 23,19,19,15, 19,13,19,17)
trt <- c("B","D","A","C", "A","C","B","D",
         "D","B","C","A", "C","A","D","B")
row <- rep(1:4, each = 4)
col <- rep(1:4, times = 4)
summary(aov(y ~ factor(row) + factor(col) + trt))
```

`factor()` विसरलात तर आर 1 ते 4 ला मोजमाप समजतो आणि रो-कॉलमला एकेक डीएफ देतो. कॉलमचे 8 पैकी जेमतेम 0.8 बाहेर निघतात, बाकीचे एररमध्ये, एरर 31.2 वर 10 डीएफ, एमएस 3.12, आणि ट्रीटमेंटचा एफ 5.98. निकालापुढे एकदम स्टार, म्हणजे सिग्निफिकंटची खूण! विद्यार्थी खूश, गाइड खूश. एफकडे बघण्याआधी डीएफचा कॉलम वाचा: 3, 3, 3, 6 हवेत. 1, 1, 3, 10 दिसले तर ते स्टार तुमचे नाहीत.