सांभाळून घेतल्याबद्दल : राजीनाम्याच्या भाषांतरावरच्या आक्षेपाला उत्तर

प्रतिक्रिया : ‘मूळ मराठी पत्रात तो बिचारा सविनय, नम्र विनंती, कायम ऋणी, मोठ्या मनाने माफ करावे असं सगळं लिहितो. तुमच्या इंग्रजीत सविनय गेलं, ऋणी गेलं, माफीचं वाक्य तर अख्खं गायब. वर त्याने न लिहिलेलं ‘इट हॅज बीन अ प्रिव्हिलेज’ तुम्ही घातलंत. हे भाषांतर आहे की तुमचं स्वतःचं पत्र? साहेबांना असं पत्र उद्धट वाटेल.’ (एक वाचक, कोपरखैरणे)

आधीच्या लेखात मी एका क्लार्कच्या मराठी राजीनाम्याचं इंग्रजी भाषांतर दिलं होतं, त्यावरची ही प्रतिक्रिया. दोन गोष्टी आधी मान्य करून टाकतो. ‘प्रिव्हिलेज’चं वाक्य मूळ पत्रात नव्हतं आणि ते घालायचा मला अधिकार नव्हता. माफीचं वाक्य लिहिणाऱ्याला न विचारता गाळलं, हीसुद्धा चूकच. दोन्ही दुरुस्त्या खाली आहेत. सविनय आणि ऋणी यांबाबत मात्र माझं मत वेगळं आहे, आणि त्याचं कारण नीट मांडायला हवं. वाचणाऱ्यांसाठी मूळ पत्राचा गाभा पुन्हा देतो :

‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी आपल्या वागळे इस्टेट येथील कार्यालयात दि. ८/२/२०२१ पासून क्लार्क या पदावर काम करीत आहे. घरगुती अडचणींमुळे मला यापुढे नोकरी करणे शक्य होणार नाही. तरी माझा राजीनामा मंजूर करून मला दि. ३१/८/२०२६ पासून कार्यमुक्त करावे, ही नम्र विनंती. आपण वेळोवेळी केलेल्या सहकार्याबद्दल व सांभाळून घेतल्याबद्दल मी आपला कायम ऋणी राहीन. माझ्याकडून काही चूक झाली असल्यास मोठ्या मनाने माफ करावे.’

पत्र ३१ जुलैचं आहे. ते ठाण्यातल्या साहेबांच्या हातात पडेल, पण मंजुरी बाहेरगावच्या मुख्य कार्यालयातून येणार, आणि तिथे मराठी वाचणारं कुणी नाही. म्हणून इंग्रजी हवं.

मराठीत आदर मुख्यतः क्रियापदात आणि सर्वनामात असतो. ‘आपण’, ‘करावे’, ‘आपल्या कार्यालयात’ एवढ्यानेच वाक्य वाकून उभं राहतं. ‘सविनय’ आणि ‘नम्र’ हे त्यावरचे अर्जाचे ठरलेले शब्द. इंग्रजीत ‘यू’ एकच, साहेबालाही आणि शिपायालाही. तिथे आदर वाक्याच्या बांधणीतून आणायचा : ‘आय रिक्वेस्ट यू टु’, ‘आय शॅल बी ग्रेटफुल इफ’. ‘आय मोस्ट हंबली अँड रिस्पेक्टफुली बेग टु सबमिट’ असं लिहिलं, तर शब्द सगळे आले खरे, पण मुख्य कार्यालयातल्या माणसाला ते दयेच्या अर्जासारखं वाटतं. मूळ माणूस दया मागत नाही, नोकरी सोडतोय. म्हणून ‘सविनय सादर करतो की’ आणि ‘ही नम्र विनंती’ या दोन्हींचं काम मी एका ‘आय रिक्वेस्ट यू टु’ने केलं. ‘काइंडली’ हवं असेल तर पत्रात एकदाच यावं. तीन वाक्यांत तीनदा आलं की तगादा लावल्यासारखं होतं.

आता ‘ऋणी’. ‘आय शॅल ऑलवेज रिमेन इनडेटेड टु द कंपनी’ हे व्याकरणाने चूक नाही, आणि आभाराच्या अर्थाने इंग्रजीत चालतंही. अडचण लिहिणाऱ्याच्या कामात आहे. हा क्लार्क पगारपत्रक आणि किरकोळ खर्चाची रोकड सांभाळतो. राजीनामा आला की पहिला प्रश्न असतो की उचल, अ‍ॅडव्हान्स, काही येणं बाकी आहे का. त्याच फायलीत ‘इनडेटेड टु द कंपनी’ हे शब्द नकोत. ‘आय शॅल रिमेन ग्रेटफुल टु यू’ यात ‘कायम’ही आलं, आभारही आले, आणि उधारीचा वास गेला. शिवाय मूळ वाक्यात ऋण ‘आपलं’ आहे, म्हणजे साहेबांचं, कंपनीचं नाही. ते ‘टु यू’ जपायला हवं.

पत्रातला सगळ्यात अवघड शब्द ‘सांभाळून घेतल्याबद्दल’ हा आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखही नाही याचं मला थोडं वाईट वाटलं. यात दोन गोष्टी आहेत : माझ्यात उणीव होती, आणि तुम्ही ती पोटात घातलीत. ‘टेकिंग केअर ऑफ मी’ लिहिलं तर आजारी माणसाची शुश्रूषा होते. ‘टॉलरेटिंग मी’ म्हटलं तर साहेब वैतागून दिवस काढत होते असा अर्थ निघतो. नुसतं ‘सपोर्ट’ म्हटलं तर उणिवेची कबुली पुसली जाते. ‘पेशन्स’ या शब्दात ती कबुली हळूच राहते, कारण धीर धरावा लागतो तो कुणाच्या तरी कमतरतेपायी. पूर्ण वाक्य असं : ‘आय शॅल रिमेन ग्रेटफुल टु यू फॉर द को-ऑपरेशन अँड द पेशन्स यू हॅव शोन मी फ्रॉम टाइम टु टाइम.’ आभार एवढेच. मूळ माणसाने दोन गोष्टींबद्दल आभार मानले आहेत, भाषांतरातही दोनच असाव्यात. ‘प्रिव्हिलेज’, ‘व्हॅल्युएबल गायडन्स’, ‘लर्निंग एक्स्पीरियन्स’ हे इंटरनेटवरच्या तयार नमुन्यांतून येतं, आणि ते आलं की खरे आभारही तयार मालासारखे दिसू लागतात. तुमचा आक्षेप इथे अगदी बरोबर होता.

माफीच्या वाक्याबद्दल. निरोप घेताना ‘काही चुकलं-माकलं असेल तर’ म्हणणं ही आपली रीत आहे, त्यात कुठल्या एका चुकीची कबुली नसते. पण ‘प्लीज फर्गिव्ह माय मिस्टेक्स’ म्हटलं की इंग्रजीत ‘मिस्टेक’ ही एखादी ठराविक घटना होते, आणि रोकड सांभाळणाऱ्याच्या बाबतीत वाचणारा विचारतो, कोणती? त्या भीतीने मी वाक्य गाळलं होतं. गाळण्यापेक्षा शब्द बदलणं योग्य होतं : ‘प्लीज एक्स्क्यूज एनी शॉर्टकमिंग्ज ऑन माय पार्ट.’ ‘शॉर्टकमिंग’ स्वभावाची किंवा कामाची सर्वसाधारण उणीव असते, रजिस्टरातली नोंद नसते. ‘एनी’मुळे मूळचं ‘काही... असल्यास’ही येतं. रोकडीचा घोळ किंवा चौकशी खरोखरच चालू असेल, तर हे वाक्य मराठीतूनच काढायचं का, हे लिहिणाऱ्याने ठरवायचं. भाषांतर करणाऱ्याने त्याला धोका सांगावा, परस्पर कात्री लावू नये.

सौजन्याच्या चर्चेत या पत्रातल्या तारखा मागे पडल्या, आणि खरं नुकसान तिथे होऊ शकतं. ८/२/२०२१ म्हणजे आपल्याकडे ८ फेब्रुवारी. अमेरिकी पद्धतीने महिना आधी वाचणाऱ्याला तो २ ऑगस्ट दिसतो. ८ फेब्रुवारी २०२१ ते ३१ ऑगस्ट २०२६ ही सेवा ५ वर्षं ६ महिने आणि वर काही दिवस होते. ग्रॅच्युइटीच्या नियमात सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून ६ वर्षं. २ ऑगस्टपासून मोजलं तर ५ वर्षं आणि जेमतेम महिनाभर, म्हणून ५ वर्षं. फरक एका वर्षाचा, म्हणजे १५ दिवसांच्या वेतनाचा. हिशेब शेवटी कार्यालयाच्या नोंदीवर होतो हे खरं, पण पत्र आणि नोंद जुळली नाही की शंका निघते आणि फाइल अडते. म्हणून इंग्रजीत महिना अक्षरात : ‘८ फेब्रुवरी २०२१’. आणि ‘आय ॲम वर्किंग सिन्स’ नको, ‘आय हॅव बीन वर्किंग सिन्स’ हवं. पद नेमणूकपत्रात जसं छापलंय तसंच ठेवावं. तिथे ‘ज्युनियर क्लार्क’ असेल तर तेच लिहायचं, शोभेसाठी ‘एक्झिक्युटिव्ह’ करायचं नाही.

दुसरी तारीख ‘३१ पासून कार्यमुक्त’. ३१ ऑगस्टला तो कामावर आहे की नाही? ‘पासून’ म्हटल्याने शेवटचा दिवस ३० ठरू शकतो. पत्र ३१ जुलैला दिलं, नोटीस १ ऑगस्टपासून मोजली आणि नेमणूकपत्रात ‘एक महिना’ लिहिलेलं असलं, तर एक दिवस कमी पडतो आणि त्या दिवसाचा पगार कापायला कारण मिळतं. इथे लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्याला ३१ तारीख भरायची असेल तर : ‘रिलीव्ह मी ऑफ माय ड्यूटीज आफ्टर ऑफिस अवर्स ऑन ३१ ऑगस्ट २०२६.’ मराठी प्रतीतही मग ‘रोजी कार्यालयीन वेळेनंतर’ अशी दुरुस्ती करून घ्यावी, म्हणजे दोन प्रतींत दोन अर्थ राहत नाहीत. ‘कार्यमुक्त’ला ‘डिस्चार्ज’ किंवा ‘टर्मिनेट’ कधीही लिहू नका. त्यात कंपनीने काढल्याचा अर्थ आहे, आणि पुढच्या नोकरीत तो कागद आडवा येतो. ‘मंजूर’लाही ‘सँक्शन’ नको. सँक्शन रजेला आणि कर्जाला, राजीनाम्याला ‘ॲक्सेप्ट’.

‘घरगुती अडचणी’ला सरळ ‘डोमेस्टिक प्रॉब्लेम्स’ केलं की घरात भांडणतंटा असल्यासारखं वाटतं. ‘फॅमिली रीझन्स’ पुरे, त्याने खाजगी गोष्ट झाकलेली राहते.

मायना आणि शेवट तुम्ही विचारला नाहीत, पण उद्धटपणाचा प्रश्न तिथेही येतो म्हणून थोडक्यात. ‘महोदय’ला ‘डिअर सर’ आणि खाली ‘आपला विश्वासू’ला ‘युअर्स फेथफुली’ ही जोडी जमते. ठाण्याच्या कार्यालयात ‘रिस्पेक्टेड सर’ रुळलेलं आहे आणि लिहिणाऱ्याला तेच हवं असेल तर मी अडवणार नाही. ‘ओबिडियंटली’ मात्र आता शाळेच्या रजेच्या अर्जातच शोभतं.

या सगळ्यानंतर मधला भाग असा होतो : ‘आय हॅव बीन वर्किंग ॲज अ क्लार्क ॲट युअर वागळे इस्टेट ऑफिस सिन्स ८ फेब्रुवरी २०२१. फॉर फॅमिली रीझन्स, इट विल नॉट बी पॉसिबल फॉर मी टु कंटिन्यू. आय रिक्वेस्ट यू टु ॲक्सेप्ट माय रेझिग्नेशन अँड रिलीव्ह मी ऑफ माय ड्यूटीज आफ्टर ऑफिस अवर्स ऑन ३१ ऑगस्ट २०२६.’ त्यापुढे आभाराचं आणि शेवटी ‘शॉर्टकमिंग्ज’चं वाक्य. एकूण पाच, मूळ पत्राइतकीच.

आधीच्या लेखातला मजकूर आज बदलतो आहे. तो नमुना कुणी उतरवून घेतला असेल तर सही करण्याआधी इंग्रजी प्रत त्या माणसाला मराठीत समजावून वाचून दाखवा, दोन्ही प्रतींवर एकच तारीख आणि सही घ्या, आणि पोच म्हणून एका जोडीवर कार्यालयाचा शिक्का मारून घ्या.