कॉफी 'एनर्जी' देत नाही, मग करते काय?

"कॉफीने मेंदूला एनर्जी मिळते, आणि रोज प्यायलं की शरीर कॅफीन पटापट बाहेर टाकायला लागतं म्हणून मग किक बसत नाही."

असं बरेच जण समजतात, पण दोन्ही चूक. आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन हळूहळू साठत जातं, ते पेशींवरच्या रिसेप्टरवर, म्हणजे असं रसायन बसायच्या ठरावीक जागेवर, जाऊन बसलं की झोप यायला लागते. कॅफीनचा आकार बराचसा तसाच, त्यामुळे ते त्या जागेवर आधीच जाऊन बसतं, पण झोपेचा सिग्नल काही देत नाही, नुसतं खुर्ची अडवून बसल्यासारखं. अ‍ॅडेनोसिन कुठे गेलेलं नसतं हां, बाहेर साठतच असतं, म्हणून कॅफीन उतरलं की थकवा एकदम अंगावर येतो.

आता सवयीचं. रोज खुर्च्या अडवल्या जातायत म्हटल्यावर मेंदू खुर्च्याच वाढवतो, म्हणजे रिसेप्टर वाढतात. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण 5 तास लागतात आणि रोज पिणाऱ्यालाही जवळपास तेवढेच, फक्त तेवढ्याच कपात आता सगळ्या खुर्च्या भरत नाहीत.

समजा कोणी रोज सकाळी 2 कप घेतं आणि एक दिवस चुकलं, तर 12 ते 24 तासांत डोकं जड, सुस्ती, चिडचिड सुरू, कारण जास्तीच्या रिसेप्टरवर आता अ‍ॅडेनोसिनच बसलेलं असतं. मग पुढच्या कपाने जे भारी वाटतं ना, त्यातलं बरंचसं हा त्रास गेल्याचंच असतं. पूर्ण बंद केलं तर 2 ते 9 दिवसांत हे ओसरतं.