भरलेली फी हरवण्याची सोपी पद्धत

शाळेची फी भरणं कोणालाही जमतं. भरलेली फी थकीत दाखवायची असेल, तर मात्र थोडं नियोजन लागतं. समजा, दुसरा हप्ता २८,००० रुपयांचा आहे आणि शेवटची तारीख १० ऑक्टोबर आहे.

पैसे नेटबँकिंगवरून एनईएफटीने पाठवा, पण १० तारखेच्या रात्री पावणेबाराला. एनईएफटी चोवीस तास चालते खरी, पण दर अर्ध्या तासाच्या बॅचने. त्यामुळे तुमचे पैसे रात्री बाराच्या बॅचमध्ये जातील. तुमच्या खात्यातून ते १० ला निघतील आणि शाळेच्या खात्यात ११ ला जमा होतील. शाळा जमा झाल्याची तारीख धरते. म्हणजे पंधरा मिनिटांच्या कामात ५०० रुपये विलंब शुल्क पदरात.

खातं शक्यतो मुलाच्या मामाचं वापरा. रिमार्कच्या रकान्यात ‘फी’ एवढंच लिहा. मुलाचं नाव, इयत्ता, जी.आर. नंबर असलं काही लिहू नका, मजा निघून जाते.

आता शाळेच्या ऑफिसात काय होतं ते पाहा, कारण खरी गंमत तिथे आहे. अकाउंटच्या मॅडम बँकेचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये उघडतात आणि प्रत्येक जमा ओळीसमोर विद्यार्थी शोधतात. रक्कम पाहून शोधावं, तर त्या दोन दिवसांत २८,००० च्या चाळीसेक ओळी आलेल्या, कारण हप्ता सगळ्यांचा सारखाच. नाव पाहून शोधावं, तर मामांचं आडनाव पटावर कुठेच नाही. मग ती ओळ ‘सस्पेन्स’मध्ये जाते. पैसे शाळेकडे आहेत, बँकेत आहेत, फक्त कोणाचे ते माहीत नाही. लग्नाच्या आहेरात नाव न घातलेलं पाकीट निघतं ना, तसं.

घरी दोन मुलं त्याच शाळेत असतील तर चांदीच. दोघांचे मिळून ५६,००० एकदम पाठवा. तेवढा हप्ता शाळेत कोणाचाच नसतो, त्यामुळे शोधणारा पहिल्याच फेरीत हात टेकतो.

आठवड्याने ‘हप्ता थकीत’ असा मेसेज आला, की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट टाका. तोही हिरव्या टिकचा आणि यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, कापलेला. एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षरांचा, यूपीआयचा बारा आकडी. स्टेटमेंटमध्ये नेमका तोच शोधता येतो, म्हणून तो दाखवायचा नाही. यूपीआयने भरले असतील, तर ॲपचा स्वतःचा लांबलचक व्यवहार क्रमांक कळवा. शाळेच्या स्टेटमेंटमध्ये तो सहसा नसतोच.

तरीही दाद लागली नाही तर रागाच्या भरात पुन्हा २८,००० भरून टाका. हे दुसरे पैसे लगेच नोंदले जातात आणि पहिल्यांचा शोध तिथेच थांबतो, कारण आता थकबाकीच्या यादीत तुमचं नाव नाही. परतावा हवा असेल तर अर्ज, रद्द केलेला चेक आणि मुख्याध्यापकांची सही, अशी नवी यात्रा सुरू.

काही बेरसिक पालक मात्र सगळा बेत दहा मिनिटांत उधळतात. मामांच्या बँकेचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये मागवतात आणि आधी पैसे परत आलेत का ते पाहतात. चुकून अस्तित्वातच नसलेला खाते क्रमांक पडला असेल, तर एनईएफटी उलटून येते. परत आले नसतील, तर ती ओळ अधोरेखित करून अकाउंट विभागाला ईमेल करतात. त्यात पूर्ण यूटीआर, रक्कम, तारीख, पाठवणाऱ्याचं नाव, खात्याचे शेवटचे चार आकडे, मुलाचं नाव, जी.आर. नंबर आणि कितवा हप्ता, सगळं. दोन मुलांचे पैसे एकत्र असतील तर कोणाचे किती, तेही. मॅडम यूटीआर पेस्ट करून शोधतात, ओळ सापडते, पावती निघते. यात कसली आलीय मौज?

अशी पावती निघालीच तर निदान ती उघडून पाहू नका. २८,००० पैकी सॉफ्टवेअरने आधी ५०० विलंब शुल्क कापलेलं असेल आणि शिक्षण शुल्कात २७,५०० च जमा झालेले असतील. उरलेले ५०० थकीत. जानेवारीत तिसरा हप्ता अगदी वेळेवर भरलात, तरी त्यातले ५०० आधी मागच्या बाकीत जातील आणि तो हप्ताही अपुरा ठरेल. त्यावर पुन्हा विलंब शुल्क. मार्चमध्ये हॉल तिकीट अडलं, की सगळ्या पावत्या घेऊन रांगेत उभे राहा आणि मोठ्या आवाजात म्हणा, “अहो, आम्ही तर एक रुपयाही बाकी ठेवलेला नाही!”