आनंदमेळाव्यातील जमा रकमेबाबत खुलासा

“कूपन-विक्री ८६,४०० रुपयांची झाली, मग मुख्याध्यापकांच्या आभारपत्रात ५१,२५० रुपयेच कसे?”

पहिली रक्कम एकूण विक्रीची आहे, तर दुसरी खर्च वजा जाता उरलेल्या निधीची. एकाही स्टॉलवर रोख रक्कम घेतली जात नसल्याने सारे पैसे कूपन-खिडकीवरच जमा झाले. न वापरलेली कूपने परत करणाऱ्यांना त्याच संध्याकाळी २,१५० रुपये दिल्यावर ८४,२५० रुपये उरले. त्यातून पालकांनी भेळ, पावभाजी, सरबत आणि खेळांच्या स्टॉलसाठी स्वखर्चाने आणलेल्या सामानाचे ३३,००० रुपये पावत्या तपासून त्यांना परत केले. काही पालकांनी पावती असूनही पैसे घेतले नाहीत. निधी एवढा उरला तो त्यांच्यामुळे, आणि शाळा त्यांची मनापासून ऋणी आहे.

स्टॉलनिहाय बेरीज मात्र ८३,९०० रुपये भरते, कारण ३५० रुपयांची कूपने ना स्टॉलवर आली, ना खिडकीवर परत. ते पैसे निधीतच आहेत. प्रत्येक स्टॉलची कूपने वर्गशिक्षक आणि एका पालकाने मिळून मोजली असून पाकिटावर दोघांच्या सह्या आहेत. ही पाकिटे आणि सर्व पावत्या कोणत्याही पालकास शाळेच्या कार्यालयात पाहता येतील.

– मुख्याध्यापक