बोर्डावरची वेळ नेमकी कुणाची?

विमानतळावरच्या बोर्डावर सगळ्यात ठळक दिसते ती सुटायची वेळ, आणि प्रवाशाच्या कामाची सगळ्यात कमी तीच असते. बहुतेक माणसं मात्र नेमकी तीच बघून चहाला जातात.

एक उदाहरण घेऊ. मुंबईहून नागपूरचं विमान, वेळ १८:४०. म्हणजे १८:४० ला विमानाची चाकं हलायला हवीत, ट्रॅक्टरने ते मागे ढकलायला सुरुवात व्हायला हवी. आकाशात झेपावणं ही आणखी दहा-वीस मिनिटांनंतरची गोष्ट. त्याआधी दार लागलेलं हवं, एरोब्रिज मागे घेतलेला हवा, कागद पूर्ण हवेत. म्हणून देशांतर्गत विमानांचं गेट साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं, आपल्या उदाहरणात १८:१५ ला. बॅग द्यायचा काउंटर बऱ्याच कंपन्या ६० मिनिटं आधी, म्हणजे १७:४० ला बंद करतात. हे आकडे कंपनीनुसार थोडे बदलतात, पण गेट बंद व्हायची वेळ बोर्डिंग पासवर लिहिलेली असते. मनात धरायची वेळ ती. १८:४० विसरलात तरी चालेल.

त्या २५ मिनिटांत गेटवर नक्की काय चालतं हे कळलं, की ‘गेट क्लोज्ड’ला हुज्जत घालावीशी वाटत नाही. पास स्कॅन झालेल्यांची संख्या आणि चेक-इन केलेल्यांची संख्या ताडून बघतात. समजा १७८ जणांनी चेक-इन केलंय आणि आत १७६ आलेत. त्या दोघांपैकी एकाची बॅग पोटात चढवलेली आहे. माणूस आला नाही तर त्याची बॅग घेऊन विमान उडू शकत नाही, हा सुरक्षेचा नियम. मग टॅगचा नंबर घेऊन लोडर त्या ढिगातून तीच एक बॅग शोधून खाली काढतात, आणि ती मागे गेली असेल तर दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. मग नेमकी माणसं आणि बॅगांचं वजन धरून लोडशीट पक्कं होतं आणि ते कॅप्टनकडे जातं. त्यानंतर एक माणूस जरी वाढवायचा म्हटला तरी हे सगळं पुन्हा.

त्यामुळे काचेतून विमान समोर उभं दिसतंय, दारही उघडं आहे, तरी गेट बंद असू शकतं. बंद झालेली असते ती यादी. गेटवरच्या मुलीवर ओरडून काही होत नाही, कारण तिच्या हातात उघडायला काही उरलेलंच नसतं.

आता ‘फायनल कॉल’. या शब्दावर आमचा जरा राग आहे. अनेकदा तो रांग अर्धी बाहेर असतानाच बोर्डावर झळकतो, कारण बोर्डावरची स्थिती घड्याळ बघून पुढे सरकवली जाते किंवा लोकांना हलवायला मुद्दाम लवकर लावली जाते. दोन-तीनदा असं झालं की माणूस निर्ढावतो, आणि चौथ्यांदा फसतो. खरा शेवटचा कॉल ओळखायची खूण वेगळी आहे: कर्मचारी आडनावं किंवा सीक्वेन्स नंबर पुकारायला लागतात. सीक्वेन्स नंबर म्हणजे तुम्ही कितव्या क्रमांकाने चेक-इन केलंत तो, पासवर ‘SEQ’पुढे असतो. तो पुकारला गेला म्हणजे यादीत तुमच्यापुढे खूण झाली आणि बॅग काढायची का, यावर बोलणं सुरू झालं. आणखी एक कटू गोष्ट: ज्याची बॅग पोटात आहे त्याला थोडं जास्त शोधतात, कारण ती काढणं वेळखाऊ. फक्त केबिन बॅगवाल्याला यादीतून उतरवायला एक बटण पुरतं.

मुंबईत हे पुकारणंही टर्मिनलभर ऐकू येईल अशी आशा ठेवू नका. तिथे बोर्डिंगच्या नेहमीच्या घोषणा बंद आहेत, बोर्ड आणि मेसेज यांवरच भिस्त. दुकानात किंवा लाउंजमध्ये बसून कानावर विसंबलात की संपलं. गेट बसचं असेल तर आणखी लवकर जा. शेवटची बस सुटली की त्या गेटचं काम आटोपलं, विमान तिकडे दूर उभं का असेना.

‘डिलेड’ आणि ‘रीशेड्यूल्ड’ यांत लोक घोळ करतात. डिलेड म्हणजे मूळ वेळ तशीच आहे, विमान उशिरा आहे. शेजारी दिसणारी नवी वेळ हा अंदाज. अंदाज पुढे जातो तसा मागेही येतो. २०:१० दाखवून १९:४० ला बोर्डिंग सुरू झाल्याची उदाहरणं कमी नाहीत, म्हणून डिले दिसला तरी गेटच्या टप्प्यातच राहावं. काउंटरसुद्धा अनेकदा मूळ वेळ धरूनच बंद होतो, त्यामुळे घरून उशिरा निघण्याचा मोह टाळा. रीशेड्यूल्ड म्हणजे कंपनीने वेळच बदलली. ही वेळ सहसा मेसेजने आधी येते आणि पुढचा हिशेब तिच्यावरून. (रेल्वेत हाच शब्द जरा वेगळा: गाडी मुळात जिथून सुटते तिथूनच नव्या वेळेला निघणार. वाटेत रखडलेली गाडी नुसती ‘लेट’.)

‘ऑपरेशनल कारणास्तव’ हे शब्द ऐकले की कारण स्वतः शोधा. बहुतेक वेळा तुमचं विमान अजून आलेलंच नसतं. विमानं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या फ्लाइटरडार या साइटवर तिकिटावरचा फ्लाइट नंबर टाका, तिथे विमानाचा ‘VT-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दिसतो. त्यावर टिचकी मारली की त्या विमानाच्या आजच्या फेऱ्या उघडतात. आपलं विमान बंगळुरूहून येतंय आणि १८:५० ला उतरणार आहे असं दिसलं तर गणित सोपं: पार्किंगपर्यंत यायला दहा मिनिटं, मग उतरवणं, सफाई, इंधन, पुन्हा भरणं मिळून किमान तीस-चाळीस. १९:३० च्या आत ते हलत नाही, बोर्ड काहीही म्हणो. मात्र ऐनवेळी दुसरं विमान लावलं गेलं तर हे गणित कोसळतं, तेव्हा हा क्रमांक अधूनमधून पुन्हा बघा.

हक्कांचं थोडक्यात, डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या नियमाप्रमाणे. मुंबई–नागपूरसारख्या अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर होणार असेल तर खाणंपिणं मिळायला हवं. सहा तासांहून जास्त असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं तुम्ही निवडायचं. अट अशी, की तुम्ही चेक-इन वेळेत केलेलं असलं पाहिजे. उशीर झाला की बोर्डाचा फोटो काढून ठेवा, दोन्ही वेळा दिसतील असा. नंतर तक्रारीत ‘किती वाजता काय दाखवत होतं’ यावरच गाडी अडते.

आणि गेट खरंच चुकलंच तर? भाडं बहुधा गेलं, पण सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मागता येतं, नो-शो असलात तरी. मागितल्याशिवाय सहसा कुणी आठवण करत नाही. त्याच पीएनआरवर परतीचं तिकीट असेल तर काउंटर सोडण्याआधी ते अजून जिवंत आहे का हे विचारून घ्या. जायचा टप्पा चुकल्यावर काही कंपन्या परतीचाही रद्द करतात, आणि ते कळतं परत यायच्या दिवशी.